एकच मतभेद, तीनदा सांगितलेला

नोकरीच्या मुलाखतीत बिहेवियरल राउंड, म्हणजे उमेदवार आधी प्रत्यक्ष कसा वागला हे विचारणारी फेरी, घेताना माझ्यासमोर नोंदींचा फॉर्म उघडा असतो. उमेदवार काय बोलला आणि त्याने स्वतः काय केलं, ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, मत नंतर द्यायचं. पाऊण तासात चार-पाच प्रश्न, म्हणजे एकेका प्रश्नाला जेमतेम आठ-दहा मिनिटं. त्या दिवशी आलेल्या बॅकएंड डेव्हलपरला मी नेहमीचा प्रश्न विचारला : टीममधल्या कुणाशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा.

तो म्हणाला, "एका रिलीजच्या वेळी माझे आणि एका सहकाऱ्याचे थोडे मतभेद झाले. पण आम्ही बसून बोललो, एकमेकांची बाजू समजून घेतली आणि तोडगा काढला. रिलीज व्यवस्थित झालं."

बोलणं सौम्य होतं, पण फॉर्ममध्ये लिहायला त्यात काहीच नव्हतं. वाद कशावरून झाला, तोडगा कुणी सुचवला, याने काय केलं, काहीच कळलं नाही. गैरहजर माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून तो जपून बोलत होता, हे दिसत होतं. चांगली माणसंच असं जपून बोलतात आणि त्यात त्यांचं स्वतःचं कामही झाकलं जातं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

"वाद नेमका कशावर होता?" मी विचारलं.

"डेटाबेसमधल्या एका कॉलमचं नाव बदलायचं होतं. त्याला ते एका झटक्यात करायचं होतं. मी धोका सांगत होतो, पण तो हट्टी आहे, ऐकूनच घेईना. त्याला फक्त तारीख गाठायची होती."

आता लिहायला मजकूर मिळाला, पण तो सगळा दुसऱ्याच माणसाचा. तो हट्टी, तो घाईतला. मुलाखत त्याची नव्हती. शिवाय "फक्त तारीख गाठायची होती" हा दुसऱ्याच्या मनातल्या हेतूबद्दलचा अंदाज. तो काय म्हणाला, त्याने रिव्ह्यूत काय लिहिलं, हे उमेदवाराला माहीत असणार आणि मला तेच हवं होतं.

म्हणून मी विचारलं, "तो आत्ता इथे असता, तर त्याने स्वतःची बाजू कशी मांडली असती?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग शांतपणे सांगू लागला. दुसऱ्या एका टीमचं काम या बदलावर अडलं होतं आणि तिला तारखेचा शब्द सहकाऱ्यानेच दिला होता. बदल टप्प्याटप्प्याने केला तर आठवडा जास्त लागेल, हा त्याचा आक्षेप होता आणि हिशेबही बरोबर होता. उमेदवाराची काळजी वेगळी होती. नवा कोड सगळ्या सर्व्हरवर एकाच क्षणी जात नाही. काही मिनिटं जुना आणि नवा कोड सोबत चालतो आणि तेवढ्यात कॉलमचं नाव बदललेलं असेल, तर जुन्या कोडच्या क्वेरी फसतात. रिव्ह्यूतल्या कॉमेंट्सनी काही हलेना, तेव्हा याने स्टेजिंगवर, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, कोडच्या दोन्ही आवृत्त्या एकत्र चालवल्या, नाव बदललं आणि जुन्या आवृत्तीचे एरर सहकाऱ्यासोबत बसून पाहिले.

"मग मी म्हटलं, तुझी तारीख पाळू. आधी नवा कॉलम जोडू, दोन्हीकडे लिहू, जुना डेटा नव्यात कॉपी करू आणि वाचन नव्यावर नेऊ. जुना कॉलम काढणं तेवढं रिलीजनंतर ठेवू. त्याने माझी कॉपीची स्क्रिप्ट पाहिली आणि म्हणाला, एकाच अपडेटमध्ये अख्खं टेबल घेतलंस तर लॉक फार वेळ राहतील आणि तोवर बाकीचं लिहिणं अडेल, छोट्या तुकड्यांत कर. ते त्याचं बरोबर होतं. काम तारखेला गेलं. जुना कॉलम कधी काढायचा यावर मात्र आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ते लीडने ठरवलं."

माझा फॉर्म भरला. मला सगळ्यात मोलाचा वाटला तो लॉकचा मुद्दा. सहकाऱ्याची सूचना तिच्या कारणासकट सांगितल्यामुळे, याने त्याचं खरोखर ऐकलं होतं याचा पुरावा मिळाला. "एकमेकांची बाजू समजून घेतली" या वाक्यातून तो कधीच मिळाला नसता. न मिटलेला मुद्दाही त्याने गुळगुळीत केला नाही, त्यामुळे बाकीच्यावर माझा विश्वास बसला. सहकाऱ्याच्या चुकीच्या आग्रहावरही त्याने पांघरूण घातलं नव्हतं. फक्त त्याच्या स्वभावाऐवजी तो आग्रह आणि त्यामागची अडचण सांगितली होती.

संध्याकाळी पॅनेलच्या बैठकीत एका सहकारी मुलाखतकाराने हरकत घेतली : हे सगळं खोदून काढावं लागलं, आपणहून का आलं नाही? हरकत रास्त होती. दुसऱ्या उत्तरावरच पुढच्या प्रश्नाकडे वळणारे मुलाखतकार बरेच असतात आणि तिथे या माणसाबद्दल "सहकाऱ्यांना दोष देतो" एवढीच नोंद राहिली असती. मी म्हटलं, वागणूक आणि ती मांडण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण वागणुकीला गुण देतोय. स्टेजिंगवरची चाचणी, बदललेली योजना आणि मान्य केलेली सूचना या तिन्ही नोंदी मी वाचून दाखवल्या. या निकषावर आम्ही त्याला होकार दिला आणि अभिप्रायात लिहिलं की त्याने प्रसंग सहकाऱ्याच्या अडचणीपासून सांगायला सुरुवात करावी.