श्वासमापकाची पुढची नोंद: औषध झालं, आलेख मात्र तसाच

दादाला सिबो, म्हणजे लहान आतड्यात जंतूंची गर्दी, असल्याच्या संशयावरून दिलेला रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकचा कोर्स संपला. डॉक्टरांनी सांगितलेलं महिनाभराचं अंतर ठेवून लॅक्ट्युलोजची चाचणी पुन्हा झाली, म्हणजे ही साखर पिऊन ठरावीक वेळाने श्वासातला हायड्रोजन मोजण्याची. नेहमीप्रमाणे लॅबच्या प्रत्येक नमुन्यासोबत मी आपल्या घरगुती श्वासमापक यंत्रासाठी एक जादा पिशवी भरून घेतली. दादाचं पोट पूर्वीपेक्षा बरंच हलकं आहे. जेवणानंतर ढोलासारखं फुगणं जवळजवळ थांबलं आहे. तरीही हायड्रोजनचा आलेख औषधाआधीचा आणि औषधानंतरचा एकमेकांवर ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत. गेले काही दिवस मी याच एका गोष्टीत अडकले आहे, त्यामुळे आजची नोंद बहुतेक त्यावरच.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. एमक्यू-८ हा हायड्रोजनचा सेन्सर मी कायमचा काढून टाकला. लॅमिंग्टन रोडवर तो कुठेही स्वस्तात मिळतो, पण त्याची मोजपट्टीच १०० पीपीएमच्या आसपास सुरू होते, आणि आपलं सगळं काम ५ ते ८० पीपीएममध्ये चालतं. शिवाय श्वासातल्या ओलाव्याने तो भलतंच सांगतो. आता हायड्रोजनसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेल आहे. तो कार्बन मोनॉक्साइडलाही थोडा प्रतिसाद देतो. आमची खिडकी घोडबंदर रोडकडे उघडते, म्हणून प्रत्येक वाचनाआधी खोलीतल्या हवेचं वाचन घेते. रबरी फुगे बंद केले आहेत, कारण हायड्रोजन त्यांतून झिरपून जातो. अॅल्युमिनियमचा थर असलेल्या झडपेच्या पिशव्या महाग पडतात, पण भरलेला ५० पीपीएमचा कॅलिब्रेशन गॅस त्यांत दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढाच निघाला. माझ्या मते या छंदात पैसे घालायचे तर आधी पिशवीत घालावेत, मग सेन्सरमध्ये.

आता मुद्द्याचं. औषधानंतरच्या चाचणीचा लॅबचा कागद हातात आला तेव्हा त्यात चक्क दोन शिखरं दिसत होती. सुरुवातीला ६ पीपीएम, ४५ मिनिटांना १२, ६० मिनिटांना २३, ७५ मिनिटांना १७ आणि ९० मिनिटांना ४१. जुन्या पद्धतीने वाचणारा कुणीही म्हणेल की पहिलं छोटं शिखर लहान आतड्यातल्या जंतूंचं, मधली दरी म्हणजे साखर पुढे सरकण्याचा काळ, आणि दुसरं मोठं शिखर मोठ्या आतड्याचं. म्हणजे सिबोचा पाठ्यपुस्तकी नमुना.

ती दरी मला पटेना. लॅबचं यंत्र फक्त हायड्रोजन छापतं, कार्बन डायऑक्साइड छापत नाही, आणि माझी याबद्दलची तक्रार जुनीच आहे. फुंकर अर्धवट राहिली की पिशवीत फुफ्फुसाच्या खोलवरच्या हवेऐवजी तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा जास्त जाते, आणि सगळेच वायू पातळ होतात. खोल श्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ५.५ टक्के धरतात. म्हणून मोजलेला हायड्रोजन गुणिले ५.५, भागिले मोजलेला कार्बन डायऑक्साइड, असा सुधारित आकडा काढायचा.

आपल्या पिशव्यांमध्ये ६० मिनिटांना कार्बन डायऑक्साइड ५.२ टक्के होता, ९० मिनिटांना ५.३, आणि ७५ मिनिटांना फक्त ३.२! लॅक्ट्युलोजने जुलाबासारखं झाल्यामुळे दादा तेव्हा नुकताच संडासातून धावत आला होता आणि घाईत फुंकर मारली होती. सुधारणा केल्यावर आकडे असे आले: ४५ मिनिटांना १२.५, ६० ला २४.३, ७५ ला २९.२, ९० ला ४२.५. दरी नाहीशी झाली, सलग चढण उरली. त्या क्षणी मला झालेला आनंद इथल्या लोकांनाच कळेल. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावायला जेवढी खटपट केली, ती या एका पिशवीने वसूल झाली.

पण चाचणी तरीही सकारात्मकच राहते. २०१७ च्या उत्तर अमेरिकी सहमतीनुसार ९० मिनिटांच्या आत सुरुवातीच्या वाचनापेक्षा २० पीपीएम किंवा जास्त वाढ झाली की सिबो धरतात, आणि दादाची वाढ ७५ मिनिटांनाच २३ आहे. औषधाआधीच्या चाचणीत ७५ मिनिटांना २८ आणि ९० मिनिटांना ४० होते. म्हणजे काहीच हललेलं नाही.

मग हा हायड्रोजन कुठला? माणसाच्या पेशी हायड्रोजन बनवतच नाहीत, तो जंतूंनी साखर आंबवल्यावरच तयार होतो, रक्तात जातो आणि फुफ्फुसातून बाहेर पडतो. पण जंतू लहान आतड्यातले की मोठ्या, हे श्वास सांगत नाही. लॅक्ट्युलोज कुठेच शोषलं जात नाही, ते शेवटी मोठ्या आतड्यात पोचतंच, आणि तिथे जंतूंची गर्दी निरोगी माणसातही असते. सगळी मदार वेळेवर आहे, आणि पोचण्याची वेळ माणसागणिक बदलते. निरोगी माणसातही ते दीड तासाच्या आत पोचू शकतं. त्यात लॅक्ट्युलोज स्वतः पाणी ओढून आतड्याचा वेग वाढवतं. २०११ मध्ये कॅनडातल्या एका गटाने इरिटेबल बॉवेलच्या, म्हणजे पोट वारंवार बिघडण्याच्या विकाराच्या, रुग्णांना लॅक्ट्युलोजसोबत किरणोत्सारी टेक्नेशियमची खूण असलेला घटक देऊन दोन्हींचा माग एकाच वेळी काढला. बहुतेकांत हायड्रोजन चढू लागेपर्यंत ती खूण मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचलेली होती. म्हणजे अनेकांची "सकारात्मक" चाचणी प्रत्यक्षात वेगवान आतड्याची चाचणी होती.

दादाच्या बाबतीत दोन गोष्टी याच बाजूने बोलतात. एक, ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी औषधाआधी झाली होती आणि तिच्यात हायड्रोजन दोन तासांत ९ च्या वर गेला नाही. ग्लुकोज लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे वरच्या भागात तरी गर्दी नसावी. खालच्या भागात असेल तर ही चाचणी तिला पकडत नाही, ही तिची मर्यादा. दुसरी गोष्ट मला काल रात्री सुचली. रिफॅक्सिमिन रक्तात जवळजवळ जात नाही, आणि ते पित्तामध्ये चांगलं विरघळतं. म्हणून लहान आतड्यात त्याचा जोर असतो, मोठ्या आतड्याच्या पाणीदार वातावरणात तो खूपच कमी होतो. आलेख लहान आतड्यातल्या जंतूंचा असता तर ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे घेतल्यावर तो निदान थोडा तरी खाली आला असता. तो तसूभरही हलला नाही, म्हणजे वायू मोठ्या आतड्यातला असण्याची शक्यता वाढते.

यावर लगेच प्रश्न येईल: मग पोट हलकं कसं झालं? मी डॉक्टरांनाही हेच विचारलं. ते म्हणाले, "ताई, बरं वाटणं हा निदानाचा पुरावा नसतो. औषधाच्या मोठ्या चाचण्या बघा." २०११ च्या टार्गेट चाचण्यांमध्ये बद्धकोष्ठता नसलेल्या इरिटेबल बॉवेलच्या रुग्णांपैकी रिफॅक्सिमिन घेतलेल्या ४०.७ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, आणि नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी ३१.७ टक्क्यांनाही. फरक खरा आहे, पण नऊच टक्क्यांचा. एका माणसाच्या अनुभवावरून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. शिवाय चाचणीसाठी आणि नंतरही दादाने डाळी, कांदा, लसूण आणि गव्हाची पोळी कमी केलीच आहे. तांदूळ जवळजवळ पूर्ण शोषला जातो, म्हणून मऊ भातावर राहिल्यानेही पोट शांत होतं.

आणि समजा खरोखरच सिबो असला, तरी अँटिबायोटिकने प्रश्न संपत नाही. इटलीतल्या २००८ च्या अभ्यासात रिफॅक्सिमिनने चाचणी नकारात्मक झालेल्या ८० जणांचा पाठपुरावा केला होता. तीन महिन्यांत १२.६ टक्के, सहा महिन्यांत २७.५ आणि नऊ महिन्यांत ४३.७ टक्के लोकांची चाचणी पुन्हा सकारात्मक झाली. परतणाऱ्यांमध्ये वयस्कर लोक, अपेंडिक्स काढलेले आणि आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे जास्त होते. दादाचं अपेंडिक्स तरुणपणी फुटल्यावर काढलं आहे आणि पँटोप्राझोल तो वर्षानुवर्षं घेतो. जठरातलं आम्ल जंतूंना वाटेतच मारतं. उपाशीपोटी साधारण दीड-दोन तासांनी येणारी आतड्याची झाडूलाट उरलंसुरलं पुढे ढकलते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत चिकटलेल्या पट्ट्यांमुळे कुठे अडसर असेल तर ती लाट तिथे तोकडी पडते. यांतलं काही बिघडलेलं असताना औषधाने जंतू कमी केले तरी जागा तशीच मोकळी राहते, आणि ते परत येतात. म्हणून दुसरा कोर्स लगेच द्यायला डॉक्टर तयार नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. पँटोप्राझोलची गरज खरंच आहे का, हे ते आधी तपासणार आहेत. दादाला मी गोळी परस्पर बंद करू दिलेली नाही.

पुढच्या कामाचा क्रम मी लिहिता लिहिताच बदलते आहे. आधी पिशव्यांची झडप सुधारायची होती, पण आता मिथेन आधी. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव बॅक्टेरिया नसून आर्किया या वेगळ्या गटातले आहेत, आणि त्यांना मिथेनचा एक रेणू करायला हायड्रोजनचे चार रेणू लागतात. ज्याच्या पोटात ते भरपूर असतील त्याचा हायड्रोजन कमी दिसतो आणि आलेख फसवतो. दादाच्या नकारात्मक ग्लुकोज चाचणीत मिथेन मोजलंच गेलं नव्हतं, त्यामुळे मघाशी मी दिलेल्या पहिल्या पुराव्यात ही एक फट आहे. कोणत्याही वेळी १० पीपीएम मिथेन सापडलं तर ते सकारात्मक धरतात. अडचण अशी की बाहेरच्या हवेतच साधारण २ पीपीएम मिथेन असतं, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला पाइपचा गॅस आहे, म्हणजे मिथेनच. शेगडी चालू असताना वाचन घेण्यात अर्थ नाही. बाजारात मिळणारे इन्फ्रारेड सेन्सर बहुतेक गळती शोधण्यासाठी असतात, त्यांना इतकं थोडं दिसत नाही. तळोजा एमआयडीसीतल्या एका विक्रेत्याने मिथेनचा कॅलिब्रेशन गॅस लहान बाटलीत द्यायचं कबूल केलं आहे. सेन्सर मात्र अजून ठरलेला नाही. कुणी ५ ते ५० पीपीएममध्ये भरवशाचा सेन्सर वापरला असेल तर नाव आणि ओलाव्यासाठी काय केलं तेही सांगा.

दादाची ग्लुकोजची चाचणी पुन्हा होणार आहे, या वेळी मिथेनसहित, आणि मोजणी मिथेन देणाऱ्या दुसऱ्या लॅबमध्ये. आपल्या पिशव्या त्याच फुंकरीतून भरल्या जातील. कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांखाली दिसला तर तिथल्या तिथे पुन्हा फुंकर मारून घ्यायची, असं मी दादाशी आणि लॅबच्या मुलीशी आधीच ठरवून ठेवलं आहे.