रिव्ह्यू तिचा, पान दवाखान्याचं

“ताई, पेशंटनं स्वतःच गुगलवर सगळ्यांसमोर लिहिलंय. मग तेच उचलून दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर टाकायला परत त्यांना विचारायचं कशाला?”

असं तुम्ही विचारलंत. एकदा मीही पेशंटला विचारलं नव्हतं. जळगावातल्या दोन-तीन दातांच्या दवाखान्यांच्या पोस्ट मी लिहिते, त्यांपैकी एका ठिकाणची ही गोष्ट, कामाच्या पहिल्याच वर्षातली. एका मुलीनं लिहिलं होतं की लग्नाआधी पुढच्या दाताला कॅप बसवली आणि आता हसताना तोंडावर हात जात नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं की लगेच पोस्ट तयार केली. नाव घेतलं नाही, त्यामुळे आपण सावध आहोत असंच वाटत होतं. फक्त जरा रंग भरावा म्हणून “एरंडोलकडची आमची नवरी” असं वर जोडलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. गुगलवर मुलीचं खातं दोन इंग्रजी अक्षरांचं होतं, त्यावरून ती कोण हे कुणालाच कळलं नसतं. पण गाव आणि नुकतंच झालेलं लग्न एवढ्यावर सासरच्या एका नातेवाइकानं नेमका अंदाज बांधला. पुढचा दात खरा नाही हे त्या घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आई ओरडल्या नाहीत. “तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?” एवढंच म्हणाल्या. पोस्ट पाच मिनिटांत काढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेव्हा कळलं की नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, हे मुंबई-पुण्यात थोडंफार चालत असेल. आपल्याकडे “यावलच्या शाळेतल्या बाई” किंवा “रावेरचे केळीवाले काका” म्हटलं की निम्म्या तालुक्याला माणूस सापडतो. गाव, नोकरी, वय, महिना यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी आल्या की नाव लिहिल्यासारखंच.

आता तुमचा मुद्दा. कायद्याचं म्हणाल तर २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे तुमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण तिनं लिहिलं ते तिच्या खात्यावरून, आणि मनात आलं तर ती ते मिटवू शकते. आपल्या पानावर आलेलं तिला मिटवता येत नाही. शिवाय तिनं लिहिलं तर ती एका बाईनं सांगितलेली हकिगत असते. तेच दवाखान्यानं लिहिलं की “हो, ह्या आमच्या पेशंट, आणि त्यांचं हे काम आम्ही केलं” अशी डॉक्टरांची कबुली होते. पेशंटची गोष्ट पोटात ठेवायची ही डॉक्टरांची जबाबदारी पेशंटनं तोंड उघडलं म्हणून सुटत नाही. (गुगलवरच्या उत्तरांतही हेच होतं. पेशंटनं नुसतं “छान अनुभव” लिहावं आणि खाली दवाखान्यानं “आपल्या रूट कॅनालबद्दल धन्यवाद” म्हणून मोकळं व्हावं!)

आता एक रिव्ह्यू घेऊन सगळं दाखवते. पारोळ्याकडच्या एका काकूंचा आहे. हे छापायची परवानगीही त्यांच्याकडून घेतली आहे, आणि ओळख लागेल असे तपशील मी बदलले आहेत.

“दाताच्या डॉक्टरची मला लई भीती. खालची अक्कलदाढ काढायची होती. मला शुगर आहे म्हणून दोन ठिकाणी नाही म्हटलं. इथे डॉक्टरांनी आधी शुगर तपासायला लावली. काढताना म्हणाले डावा हात वर करा, मी थांबतो. मी तीनदा केला, तीनदा थांबले. अजिबात दुखलं नाही. पैसे पण कमी. जळगावमधला एक नंबर दवाखाना.”

डॉक्टर खूश झाले. त्यांनी स्वतःच कॅप्शन लिहून पाठवलं: “शुगर असूनही वेदनारहित अक्कलदाढ! जळगावचा नंबर १ दवाखाना! आजच अपॉइंटमेंट घ्या!” मी म्हटलं, सर, काकूंनी दिलेलं सोनं तुम्ही टाकून दिलंत आणि वेष्टन ठेवलंत.

“एक नंबर” कोण ठरवणार? काकूंना म्हणायचा अधिकार आहे, डॉक्टरांनी स्वतःबद्दल म्हटलं की ती जाहिरात होते. भारतीय दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रुग्ण ओढणं अनैतिक धरलंय, आणि पेशंटच्या तोंडून वदवून घेतलं म्हणून ते सोवळं होत नाही. “दोन ठिकाणी नाही म्हटलं” हेही गेलं. त्या दोन डॉक्टरांनी कदाचित शुगर वाढलेली पाहून योग्यच थांबवलं असेल. पैशांचं वाक्य तर पुढच्या पेशंटशी भांडणाची सोय आहे.

सगळ्यात घातक वाक्य मात्र “अजिबात दुखलं नाही.” काकूंसाठी ते खरं आहे. पण इंजेक्शननं टोचणारं दुखणं थांबतं, दाब थांबत नाही. दाढ हलवताना जबड्यावर दाब येतो, ओढ जाणवते, कधी करकर आवाज येतो. खालच्या दाढेचं इंजेक्शन दिलं की ओठ तीन-चार तास बधिर राहतो आणि ते उतरल्यावर ठणका लागतो. “वेदनारहित” वाचून आलेला माणूस पहिल्याच दाबाला दचकतो आणि मनात म्हणतो, हे तर खोटं निघालं. त्या क्षणी विश्वास गेला, आणि तो गेला आपल्याच कॅप्शनमुळे.

मग उरलं काय? डाव्या हाताचं वाक्य. घाबरलेल्या माणसाला कुणी चांगलं म्हटलेलं नको असतं. मला तिथे तोंड उघडं ठेवून बोलता येणार नाही, मग सहन झालं नाही तर काय, हे त्याला हवं असतं. काकूंच्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर आहे, आणि “तीनदा” हा शब्द कुठल्याही कॉपीरायटरला सुचला नसता.

शब्द घेताना मी एकच नियम पाळते. कापायचं, पण जोडायचं नाही. शुद्धलेखन सुधारते, बोली सुधारत नाही. दोन लांबची वाक्यं चिकटवून तिसराच अर्थ काढत नाही.

कॅप्शन असं झालं:

“काढताना म्हणाले डावा हात वर करा, मी थांबतो. मी तीनदा केला, तीनदा थांबले.”
दाढ काढायला आलेल्या एका पेशंटचे हे शब्द, त्यांच्या परवानगीनं. इंजेक्शननंतर टोचणारं दुखणं थांबतं, पण दाब आणि ओढ जाणवते. म्हणून हाताची खूण सुरुवातीलाच ठरवून घेतो. बधिरपणा उतरल्यावर ठणका लागू शकतो, त्यासाठी काय करायचं ते घरी जाताना लिहून देतो.

“आजच या” नाही, फोन नंबर नाही. तो पानावर वर आहेच.

आता परवानगी. इथे एक गंमत झाली. रिव्ह्यू ज्या खात्यावरून आला होता त्यावर एका तरुणाचं नाव होतं. काकूंनी सांगितलं आणि मुलानं टाइप केलं. आपल्याकडे हे सर्रास चालतं. मुलगा म्हणाला, “टाका ना ताई, आई काही म्हणणार नाही.” पण दाढ आईची, शुगर आईची. मुलाचा होकार म्हणजे काकूंचा होकार नव्हे. (पेशंट अठरा वर्षांखालचा असेल तर मात्र आई किंवा वडिलांचाच होकार लागतो.)

कधी विचारायचं, हेही महत्त्वाचं. खुर्चीत तोंड उघडं असताना नाही, बिल देताना नाही. त्या वेळी माणूस “हो” म्हणतो, कारण पुढचं काम त्याच डॉक्टरांच्या हातात असतं. आणि “रिव्ह्यू द्या, पुढच्या क्लीनिंगला सूट” हे तर अजिबात नाही. तसं लिहून घेतलेलं गुगलच्या नियमांतही बसत नाही. काकूंचे टाके निघाले, काम संपलं, त्यानंतर दोन दिवसांनी रिसेप्शनवरच्या ताईंनी निरोप पाठवला. डॉक्टरांनी मुद्दाम पाठवला नाही, डॉक्टरांना नाही म्हणायला लोकांना जड जातं:

“नमस्कार काकू. गुगलवर तुम्ही लिहिलेल्यातली दोन वाक्यं दवाखान्याच्या इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर टाकायची आहेत. खाली आहे तसंच जाईल. नाव, गाव, फोटो, शुगर यांतलं काही नाही. चालेल का? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. पुढे कधीही ‘काढा’ कळवलंत की काढू. तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तो मात्र आमच्या हातात नसेल.”

खाली पूर्ण कॅप्शन. “तुमचा रिव्ह्यू वापरू का?” असं मोघम विचारलं तर लोक हो म्हणतात आणि पोस्ट पाहून चमकतात. शेवटचं वाक्य डॉक्टरांना नको होतं, पण जे आपल्याला पाळता येणार नाही ते आधी सांगितलेलं बरं. नाव, फोटो, आजार, पैसे भरून पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवणं, प्रत्येकाचं वेगळं विचारते. एका होकारात चार गोष्टी कोंबत नाही.

दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ह्याला मी होकार धरत नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा आवाजातला निरोप आला, अहिराणीत: “मन्हं नाव नको टाकजो, बाकी लिख.” तो निरोप, तारीख आणि ज्याला होकार मिळाला तो मजकूर जपून ठेवला. दवाखान्यात यासाठी साधी शंभर पानी वही आहे. पोस्ट कुठे टाकली तेही त्यात लिहितो, म्हणजे काढताना शोधाशोध नको. पोस्टसोबत गुगलचा स्क्रीनशॉट लावला नाही, त्यावर मुलाचं नाव आणि फोटो होता. साध्या पांढऱ्या पाटीवर अक्षरं.

चार महिन्यांनी मुलाचा फोन आला. आईला आता नको वाटतंय. का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. वही उघडली, दोन्ही ठिकाणची पोस्ट काढली, ओळीवर रेघ मारून तारीख घातली. डॉक्टर जरा हळहळले, ती पोस्ट लोकांना आवडली होती.

त्याच संध्याकाळी मी दुसरी लिहिली. त्यात काकू नाहीत, त्यांचं एकही वाक्य नाही: “आमच्याकडे काम सुरू करण्याआधी डाव्या हाताची खूण ठरवतो. हात वर गेला की हत्यार तोंडाबाहेर.” ही डॉक्टरांची स्वतःची पद्धत. ती सांगायला कुणाला विचारावं लागलं नाही.