कॉपी फुकट, मग किंमत किती? माझा अनुभव

बाराखडी सरावाच्या साठ पानांची पीडीएफ तयार करणं, दुकानाचं पान उघडणं, पेमेंट लिंक जोडणं, हे सगळं सुरळीत झालं. गाडं अडलं ते किमतीच्या रकान्यात. ज्याला विचारावं तो म्हणे, "फाइलच तर आहे, 49 ठेव, खप वाढेल." हे ऐकून ऐकून मला अजूनही चीड येते.

वहीची किंमत कागद, छपाई, बांधणी धरून काढता येते. इथे पुढच्या प्रतीचा खर्च शून्य, त्यामुळे खर्च अधिक नफा हा हिशोब लागूच पडत नाही. बघायचं ते एवढंच की किंमत गुणिले गिऱ्हाइकं कुठे सर्वांत जास्त भरतं. समजा, पान पाहणाऱ्या शंभरांपैकी 49 रुपयांना सहा जण घेतात, तर 294 रुपये होतात. 149 केल्यावर त्यातले दोघेच उरले तरी 298 येतात. तिघे राहिले तर 447.

शिवाय प्रत फुकट असली तरी विक्री फुकट नसते. प्रत्येक खरेदीमागे कुणीतरी विचारतंच: "ताई, अक्षरं कापली जातायत." मग ए4 कागद निवडा, 'Fit to page' करा, हे समजावण्यात दहा मिनिटं जातात. 49 रुपयांत ती दहा मिनिटं परवडत नाहीत. (प्रिंटच्या सूचना फाइलच्या पहिल्याच पानावर घाला, विचारणा बरीच कमी होते.)

वरची मर्यादा मात्र आपल्या हातात नसते. पालक मनात तुलना करतात ती दुकानातल्या छापील सराववहीशी. त्यात प्रिंटचा खर्च त्यांचाच: पानाला दोन रुपये धरले तर 120. म्हणजे 149 ची फाइल त्यांना 269 ला पडते. एवढे पैसे ते कशासाठी देतील? 'ळ' जमत नसेल तर तेच पान हवं तेवढ्या वेळा काढता येतं, धाकट्यालाही चालतं. छापील वही एकदा भरली की संपते. हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलं आणि 149 ला मागणी टिकली. नुसतं '60 पाने' लिहून किंमत पटत नाही.

किंमत बदलून पाहायची तर जूनमध्ये नको. शाळा उघडतात तेव्हा मागणी तशीही वाढते, मग श्रेय किमतीचं की हंगामाचं ते कळत नाही. मी ऑगस्टपर्यंत थांबले. विक्रीसोबत पान किती जणांनी पाहिलं तेही मोजा, नाहीतर तुलना फसवी ठरते. आणि नाव, चित्र, वर्णन तेव्हा बदलू नका.

शिकवणीवाल्या बाईंसाठी वेगळा दर हवाच. एक फाइल घेऊन त्या अख्ख्या वर्गाला वाटतात. म्हणून घरगुती वापर 149, वर्गासाठी परवाना 599, आणि परवान्यात काय चालेल ते दोन ओळींत स्पष्ट. पहिला परवाना ज्यांनी घेतला, त्यांनी घासाघीस केलीच नाही; पावती मात्र शिकवणीच्या नावाने मागितली.