बाल्कनीचे १०.८ चौरस मीटर आणि घरमालकाला पत्र

रविवार, रात्र. स्टुटगार्ट.

भाड्याच्या घराचं क्षेत्रफळ कॉन्ट्रॅक्टमध्ये जास्त लिहिलंय, त्याबद्दल घरमालकाला पत्र अखेर लिहून झालं. उद्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून टाकायचंय, जर्मनीत त्याला आइनवुर्फ-आइनश्राइबन म्हणतात, पोस्टमन पेटीत टाकतो आणि टाकल्याची तारीख नोंदवतो, म्हणजे मालकाला "मला मिळालंच नाही" म्हणणं अवघड जातं. ईमेल आधी करून झालीये, त्यावर "कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे तेच बरोबर" एवढं एका ओळीचं उत्तर आलं, मग म्हटलं आता कागदावरच बोलू.

सगळं सुरू झालं गेल्या वर्षीच्या नेबनकोस्टन म्हणजे मेंटेनन्सच्या हिशोबावरून. त्यात आमच्या नावापुढे ७२ चौ.मी. होते आणि वरच्या मजल्यावरच्या, नकाशात अगदी सारख्या दिसणाऱ्या पण बाल्कनी नसलेल्या फ्लॅटपुढे ६१. मी नवऱ्याला म्हटलं, अरे अकरा मीटर कुठून आले, आपल्याकडे जास्तीचं काय आहे तर फक्त बाल्कनी. लगेच लेझर मीटर काढला.

मोजायची पद्धत कायद्यात लिहिलेली आहे, वोनफ्लेखनफेरोर्डनुंग नावाचा नियम, १ जानेवारी २००४ पासून लागू. प्लॅस्टर केलेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं, खाली लाकडी पट्टी असते ती धरून, म्हणून लेझर पट्टीच्या वर, साधारण कमरेच्या उंचीवर धरला. हॉल ५.२० बाय ४.५० म्हणजे २३.४०, बेडरूम १५.४८, किचन ९.६०, बाथरूम ५.२५, पॅसेज ७.४७. बेरीज ६१.२०. किचनच्या कोपऱ्यात ३० बाय ३० चा खांब आहे, नवरा म्हणाला तो वजा कर, पण नियमात खांब दीड मीटरपेक्षा उंच आणि तळाला ०.१ चौ.मी.पेक्षा मोठा असेल तरच वजा होतो, आणि आपला ०.०९ चा, म्हणून ठेवला. अशा ठिकाणी आपण प्रामाणिक दिसलेलं बरं, नाहीतर मालकाचा वकील त्या खांबालाच धरून बसेल.

बाल्कनीत थोडी कटकट झाली. उन्हात लाल ठिपका दिसतच नाही, आणि रेलिंगच्या गजांमधून लेझर थेट समोरच्या बिल्डिंगवर जातो, मग रेलिंगच्या आतल्या बाजूला पिझ्झाचं खोकं धरून संध्याकाळी परत मोजलं. ४.५० बाय २.४०, म्हणजे १०.८०. ६१.२० अधिक १०.८० किती? ७२.०० बरोब्बर!! म्हणजे मालकाने अख्खी बाल्कनी हॉलसारखी धरलीये.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बाल्कनीचं पण भाडं घेतात होय?" घेतात ना, पण पूर्ण नाही. आपल्याकडे रेराच्या कार्पेट एरियात बाल्कनी धरतच नाहीत, इथे साधारणपणे पाव धरतात आणि जास्तीत जास्त निम्मी. आणि आमचं सगळं प्रकरण याच पाव की निम्मी यावर लटकलंय, म्हणून ते नीट लिहून ठेवते.

पाव धरली तर २.७०, घर ६३.९० चं होतं, म्हणजे ८.१० कमी, ७२ च्या ११.२५ टक्के. निम्मी धरली तर ५.४०, घर ६६.६०, फरक फक्त ७.५ टक्के. मध्ये १० टक्क्यांची रेघ आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने, बीजीएचने, २००४ मध्ये ठरवलं की घर कॉन्ट्रॅक्टपेक्षा १० टक्क्यांहून जास्त लहान निघालं तर तो घरातला दोषच मानायचा, भाडेकरूला त्रास झाला का हे वेगळं सिद्ध करायला नको आणि भाडं त्याच प्रमाणात कमी. कॉन्ट्रॅक्टमध्ये "सुमारे" ७२ लिहिलं असलं तरी तेच. रेघेच्या आत राहिलात तर भाड्याबाबत काही करता येत नाही. म्हणजे मालक "निम्मी धरा" म्हणाला आणि ते टिकलं तर भाड्याचा मुद्दा संपला.

म्हणून पत्रातला अर्धा भाग निम्मी का नाही यावरच आहे. निम्मी धरायची तर बाल्कनी खरंच वरच्या दर्जाची हवी. आमची उत्तरेला, वर छप्पर नाही, खाली कचऱ्याचे डबे आणि पार्किंग, त्याचे फोटो जोडलेत. दुसरं, बिल्डिंग सत्तरच्या दशकातली आहे, मालकाकडे जुना हिशोब असणारच आणि जुन्या नियमात बाल्कनी सरसकट निम्म्यापर्यंत धरता यायची, पण आमचं कॉन्ट्रॅक्ट २०२२ चं आहे, म्हणून त्याला नवा नियम.

पत्राचा मुख्य भाग मराठीत सांगायचा तर असा:

"आदरणीय महोदय, कॉन्ट्रॅक्टमध्ये राहतं क्षेत्रफळ ७२ चौ.मी. दिलं आहे. आम्ही स्वतः मोजलं, खोलीवार आकडे सोबत जोडले आहेत. आतलं क्षेत्रफळ ६१.२० आणि बाल्कनी १०.८०, तिचा पाव भाग २.७०, एकूण ६३.९०. तफावत ११.२५ टक्के. तुमचा हिशोब वेगळा असेल तर तो खोलीवार आणि बाल्कनी किती धरली हे स्पष्ट करून ३१ मार्चपर्यंत पाठवावा, किंवा दोघांच्या उपस्थितीत पुन्हा मोजू. तोपर्यंत भाडं पूर्ण भरत आहोत, पण हक्क राखून."

ते "हक्क राखून" महत्त्वाचं, जर्मनमध्ये उंटर फोरबहाल्ट, बँक ट्रान्सफरच्या टिपेतही दर महिन्याला लिहायचं. नवरा म्हणत होता सरळ कापूनच भरू. भाडं १०८० आणि नेबनकोस्टन २२० मिळून १३००, कपात या एकत्र रकमेवर धरतात, म्हणजे महिन्याला १४६ युरो २५ सेंट, आकडा बघून हात शिवशिवतात खरे. पण उद्या कोर्टाने बाल्कनी निम्मी धरली तर आपणच थकबाकीदार आणि थकबाकी साचली तर घर खाली करायची नोटीस येऊ शकते. पूर्ण भरून नंतर परत मागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, ज्यादा गेलेले पैसे मागता येतात.

एक गोष्ट आधी तपासून घेतली होती. काही कॉन्ट्रॅक्टमध्ये क्षेत्रफळाच्या खालीच बारीक अक्षरात असतं की हा आकडा घराचं माप ठरवण्यासाठी नाही. तसं असेल तर तो आकडा कबूल केलेला मानला जात नाही आणि हे सगळं मोजमाप भाड्यासाठी वाया. आमच्यात तसं वाक्य नाही, पानन्‌पान वाचलं.

आणि समजा निम्मी ठरलीच, तरी नेबनकोस्टनचा मुद्दा उरतोच. तिथे ही १० टक्क्यांची सवलत चालत नाही, २०१८ पासून कोर्ट म्हणतं की खर्च क्षेत्रफळावर वाटायचा तर खरं क्षेत्रफळच धरा. म्हणजे मालकाचं सगळं ऐकलं तरी वाटणीत आमचे ६६.६० धरायला हवेत, ७२ नाही. हा परिच्छेद पत्रात शेवटी ठेवलाय, मुद्दाम, म्हणजे वरच्या मुद्द्यांवर भांडण झालं तरी यावर त्याला हो म्हणावंच लागेल.

भाडेकरू संघटनेच्या वकीलबाईंनी मसुदा वाचला, एकच बदल सांगितला, "फसवणूक" शब्द काढा. काढला. मालकाने मुद्दाम केलं की त्यालाही जुन्या मालकाकडून तोच आकडा मिळाला, कोणास ठाऊक, आणि कपातीसाठी ते सिद्ध करायची गरजही नाही. उत्तर आलं की इथेच लिहीन.