लेट येणाऱ्याला वॉर्निंग लेटर द्यायची वेळ आली तेव्हा

टीम लीड होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तोपर्यंत मी कुणाला लेखी काही दिलं नव्हतं, जे काय असेल ते चहा पिता पिता सांगायचं असा आपला कारभार. टीममधला एक जण सतत उशिरा यायचा. ऑफिस साडेनऊचं, 9:40 पर्यंत सवलत, आणि हा कधी पावणेदहाला तर कधी सव्वादहा वाजून गेल्यावर. दोन-तीनदा सांगून झालं, फरक पडेना, शेवटी एचआरच्या मॅडम म्हणाल्या आता लेटर काढा, ड्राफ्ट तुम्हीच पाठवा.

मी रागातच लिहिलं. "आपण नेहमी उशिरा येता, वारंवार सांगूनही आपल्या बेजबाबदार वागण्यात फरक पडलेला नाही." अर्ध्या तासात परत आलं. मॅडमनी तीनच शब्दांखाली रेघ मारली होती, नेहमी, वारंवार आणि बेजबाबदार. बाजूला लिहिलेलं, नेहमी म्हणजे किती दिवस? वारंवार म्हणजे कोणत्या तारखा? आणि तिसरा शब्द काढा, ते तुमचं मत आहे.

मग बसलो पंचिंगचा डेटा घेऊन. जून आणि जुलै मिळून मशीनवर 14 लेट दिसत होते, मी म्हटलं झालं काम, पण एकेक तारीख मेलशी ताडून बघितली तर एक दिवस त्याने आदल्या दिवशीच परवानगी घेतलेली आणि एक दिवस तर मीच त्याला सकाळी क्लायंटकडे पाठवलं होतं!! ते दोन तसेच गेले असते तर त्याने तेवढेच धरून अख्खं लेटर खोटं पाडलं असतं, आणि बरोबरच होतं त्याचं. राहिले 12. सगळ्यात कमी 9:46, सगळ्यात जास्त 10:22.

खरी पंचाईत तोंडी सांगितलेल्याची झाली. माझ्या मते मी तीनदा सांगितलं होतं. एकदाचं कॅलेंडरवर सापडलं, 12 जून, पंधरा मिनिटांची मीटिंग. दुसरं 27 जूनचं, त्या संध्याकाळी मी त्याला मेसेज टाकला होता "आज बोललो ते लक्षात ठेव" आणि त्याचं उत्तर "हो सर, सोमवारपासून बघा". तिसरं कधी बोललो, पॅन्ट्रीत की लिफ्टमध्ये, काही केल्या आठवेना. ते सोडून दिलं. तेव्हापासून तोंडी काही सांगितलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकतो, काय सांगितलं आणि समोरचा काय म्हणाला.

या दोन तारखा मिळाल्यावर लेटर जवळजवळ आपोआप उभं राहिलं. पहिल्या सूचनेआधी 3 लेट, दोन सूचनांच्या मधे 3, आणि दुसरीनंतर 31 जुलैपर्यंत 6. दोनदा सांगूनही लेट येणं थांबलं नव्हतं, हे एकही विशेषण न लावता दिसत होतं. बारा तारखा आणि वेळा खाली तक्त्यात टाकल्या.

लेटर द्यायच्या आधी त्याला बोलावून कारण विचारायचं असं मॅडमनी बजावलं होतं. मला वाटलं नुसती फॉर्मॅलिटी. तर कळलं की बायकोची शिफ्ट बदललीय, मुलाला शाळेत सोडायचं याच्याकडे आलंय. अरे मग सांगायचं ना आधी! लेटर थांबलं नाही, पण त्याने सांगितलेलं कारण त्यात नोंदवलं आणि एक ओळ वाढली, "10 ते 7 ही वेळ हवी असल्यास आपण लेखी अर्ज करू शकता."

पुढच्या अपेक्षेत मी आधी "वेळेवर यावे" एवढंच लिहिलेलं. मॅडम म्हणाल्या हे तपासणार कसं? मग असं झालं: "पुढील 60 दिवस 9:40 पूर्वी पंच करावे. अपरिहार्य कारणाने उशीर होणार असल्यास 9 वाजेपर्यंत कळवावे. 30 व्या आणि 60 व्या दिवशी आढावा घेतला जाईल. सुधारणा न दिसल्यास पुढील शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते." मी "होईल" लिहिलं होतं, ते "होऊ शकते" केलं, कारण तो निर्णय माझ्या हातातला नव्हताच.

देताना तो सही करेना. म्हणाला सर, सही केली म्हणजे मी कबूल केलं ना? मॅडमनी कॉपी पुढे सरकवून दाखवलं, तिथे "मान्य" नव्हतं, "पत्र मिळाले" होतं, आणि म्हणणं मांडायचं असेल तर 3 दिवसांत लेखी द्या, तेही याच फाइलला लागेल. त्याने ती ओळ दोनदा वाचली, सही केली, खाली तारीख आणि वेळही टाकली.

दहा ते सातचा अर्ज दुसऱ्या दिवशी आला, आठवडाभरात मंजूर झाला आणि लेटरमधली 9:40 ची वेळ 10:10 करून तसा मेल त्याला गेला. तीस दिवसांच्या आढाव्यात एकच लेट निघाला, 10:13 चा, आणि त्या दिवशी 8:50 ला त्याचा मेसेज आलेला होता. तो मोजला नाही.