तुम्ही विचारलंत म्हणून: चार्टमध्ये बदलायचं असतं तरी काय?

"आकडे तर तेच राहतात ना? मग चार चार्टांचा एक लेख बंगालीत करायला तुम्हाला आठवडा कसा लागतो?"

मजकूर दीड दिवसात होतो, हे आधीच कबूल करते. बाकीचे दिवस चार्टांची शीर्षकं, अक्षांवरचे शब्द आणि तळाशी बारीक अक्षरात असते ती माहितीच्या स्रोताची ओळ खातात. माझ्या भावाला हे पटत नाही. ज्यांच्यासाठी काम करते त्यांनाही पटत नाही, आणि ते पैसे शब्दांवर मोजतात. अक्षावर शब्द असतात चार.

मी मूळची नागपूरची, कोलकात्यात येऊन बावीस वर्षं झाली. मराठी माणसाला बंगाली सोपी जाते असं सगळे म्हणतात. वाचायला जाते. लिहायला बसलं की ओळखीचे शब्दच दगा देतात. आपण जन्मदर म्हणतो, पण बंगालीत 'दर' म्हणजे बाजारातला भाव, मासे घेताना करतात तो. तिथे जन्माचा 'हार' असतो. 'समीक्षा' म्हणजे सर्वेक्षण. 'आरोग्य' म्हणजे दुखण्यातून बरं होणं, म्हणून आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं तिथे 'जातीय परिवार स्वास्थ्य समीक्षा' होतं. मराठी डोळ्यांना हे जातींच्या घराण्यांवरचं टीकात्मक पुस्तक वाटावं. स्रोताच्या ओळीची सुरुवात 'सूत्र' या शब्दानं होते. आणि मुलींच्या शालेय वर्षांचा चार्ट असला की अक्षावर 'शिक्षा' लिहावं लागतं, तेव्हा आजही माझा हात क्षणभर अडतो.

पण हे गमतीचं झालं. शब्दकोश हाताशी असला की यातल्या चुका टळतात. माझी जी चूक झाली ती शब्दकोशात सापडणारी नव्हती.

लेख बालविवाहावर होता, मूळ इंग्रजीत. आकडे त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे एनएफएचएस-५ चे. हे सर्वेक्षण मुंबईतली देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते, त्यामुळे मला उगाचच ते घरचं वाटायचं. पहिल्या चार्टमध्ये राज्यांच्या आडव्या पट्ट्या होत्या. पश्चिम बंगाल ४१.६, बिहार ४०.८, त्रिपुरा ४०.१, देशाची सरासरी २३.३. इंग्रजीत वर ठसठशीत निष्कर्ष होता आणि खाली बारीक अक्षरात मोजमाप: २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांची टक्केवारी.

ती बारीक ओळ बंगालीत लांबलचक होत होती. चार्टच्या रुंदीत मावेना. मी तेव्हा स्वतःला शीर्षकांची हातोटी असलेली समजत होते. ती ओळ सरळ काढली आणि मोजमाप शीर्षकातच विरघळवलं: 'पश्चिमबंगे ४१.६ शतांश मेयेर बिये हय आठारोर आगे.' म्हणजे पश्चिम बंगालमध्ये ४१.६ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आधी होतं. छोटं, ओघवतं, बोलीतलं. संपादक खूश, मीही खूश.

आठ-दहा दिवसांनी मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेतून फोन आला. बोलत होत्या तिथल्या 'बडदि', म्हणजे मुख्याध्यापिका. आवाज अगदी शांत. म्हणाल्या, "माझ्या दहावीच्या वर्गात साठ मुली आहेत. तुमच्या हिशेबानं यातल्या पंचवीस जणींचं लग्न होतंय. कुठल्या पंचवीस, तेवढं सांगा."

मी लगेच बचावाला उभी राहिले. आकडा माझा नाही, सरकारी सर्वेक्षणाचा आहे, शिवाय तुमच्या जिल्ह्याचा तर राज्याच्या सरासरीहून वर आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आकडा सरकारचा असेल. 'हय' तुमचं आहे."

मग त्यांनी घडलेलं सांगितलं. पालकसभेत एका वडिलांनी मोबाइलवर तो चार्ट दाखवला होता. मुलगी सोळाची, स्थळ आलेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की बघा, निम्म्या मुलींचं होतंच आहे, मग आमच्याच घरी काय वेगळं?

फोन ठेवल्यावर मी मूळ ओळ पुन्हा वाचली, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट वाचली. पश्चिम बंगालमधलं या फेरीचं क्षेत्रकाम २०१९ मध्ये सुरू झालं. तेव्हा जी २४ वर्षांची होती ती १८ ची झाली २०१३ च्या सुमारास, आणि जी २० ची होती ती २०१७ च्या सुमारास. म्हणजे ४१.६ हा आकडा त्या वर्षांच्या आधी झालेल्या लग्नांचा. बडदिंच्या वर्गातल्या साठ जणी त्यात नव्हत्याच. अविवाहित राहून शिकणाऱ्या मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर २५ हजार रुपये देणारी कन्याश्री योजना २०१३ मध्ये सुरू झाली. त्या २४ वर्षांच्या बायकांपर्यंत ती पोहोचली तर अगदी शेवटी शेवटी. बडदि दरवर्षी ते अर्ज स्वतः भरून घेतात. माझ्या 'हय'नं त्यांचं ते सगळं काम पुसून टाकलं होतं, कारण 'हय' म्हणजे नेहमी होतं, आजही होतं. हवं होतं 'हयेछिल', झालं होतं.

आणि 'मेये' हा शब्द. मला तो फार आवडतो. मुलगी, लेक, बाई, तिन्ही त्यात मावतात. पण चार्टला नेमका हाच शब्द नको. मूळ ओळीत विचारलेल्या व्यक्ती वीस ते चोवीस वर्षांच्या बायका होत्या, त्यांना आपलं लग्न केव्हा झालं ते विचारलं होतं. 'मेये' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर रिबिनी बांधलेली शाळकरी पोर आली.

इथे माझी जुनी मी मध्ये बोलते. ती म्हणते, तू आता उलट टोकाला चालली आहेस. काळ दुरुस्त केल्यानं परिस्थिती गोड होते का? तिचंही खरं आहे. त्याच लेखातला तिसरा चार्ट १५ ते १९ वयाच्या मुलींचा होता: सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या, पश्चिम बंगालमध्ये १६.४ टक्के. हा आकडा त्या क्षणाचा, जुन्या आठवणींचा नव्हे. तो बडदिंच्या बाजूनं अजिबात बोलत नाही. पण मी त्याच्याही शीर्षकात 'मेये'च लिहिलं होतं. दोन चार्ट, दोन वेगळे वयोगट, दोन वेगळे काळ, आणि शब्द एकच. एका वाचकानं खरोखरच ४१.६ मधून १६.४ वजा करून पत्र पाठवलं होतं. तेव्हा मी हसले होते.

तेव्हापासून मजकुराला हात लावण्याआधी मी एक तक्ता करते. लेखात जितकी मोजमापं, तितक्या ओळी. प्रत्येकाचं एकच पूर्ण बंगाली वाक्य आणि त्याचं एकच छोटं रूप. पूर्ण वाक्य शीर्षकाखाली जातं, छोटं रूप अक्षावर, आणि मजकुरात या दोन्हींशिवाय तिसरं काही वापरायचं नाही. आधी पहिल्या चार्टला 'बाल्यबिबाह', दुसऱ्याला 'नाबालिका बिये', मजकुरात 'अल्प बयसे बिये' असं मी मुद्दाम लिहायचे. शब्द परत आला की निबंधात गुण कापत, ती सवय. चार्टमध्ये नवा शब्द दिसला की वाचकाला नवं मोजमाप वाटतं.

या तक्त्यावर भांडणं कशी होतात तेही ऐका. 'ज्यांचं' याला बंगालीत दोन रूपं आहेत, आदराचं चंद्रबिंदूसह 'जाँदेर' आणि साधं 'जादेर'. चोवीस वर्षांच्या बाईला चंद्रबिंदू द्यायचा हे उघड. पंधरा वर्षांच्या आईला? माझ्या एका लेखात पहिल्या चार्टमध्ये चंद्रबिंदू होता आणि तिसऱ्यात नव्हता. कुणी लक्षात आणून दिलं नाही, पण मला दिसत राहतं. आता सगळ्यांना देते. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे कृत्रिम आहे. असेल.

दुसरी कायमची कटकट अंकांची. आपल्या ४ चं वरचं तोंड मिटवलं की बंगाली चार होतो, आणि तो हुबेहूब इंग्रजी आठ दिसतो. बंगाली सात दिसतो इंग्रजी नऊसारखा. पट्टीवरचा आकडा मी हातानं बंगालीत लिहिते, पण अक्षावरचे शून्य, वीस, चाळीस सॉफ्टवेअर आपणहून टाकतं, बरेचदा इंग्रजीत. मग इंग्रजी अक्षाच्या शेजारी बसलेलं त्रिपुराचं चाळीस ऐंशीसारखं वाचलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे: पट्टीची लांबी आणि तिच्यावरचा आकडा जुळत नाहीत. पण ताडून पाहतो कोण? आमच्या प्रोग्रामरला मी या दोन ओळी लिहून दिल्या आहेत. पहिली बंगाली अंक देते, दुसरी इंग्रजी. कुठलीही चालेल, फक्त संपूर्ण लेखात एकच:

```
new Intl.NumberFormat('bn-IN').format(40.1)
new Intl.NumberFormat('bn-IN-u-nu-latn').format(40.1)
```

स्रोताच्या ओळीत मात्र मी स्वतःच हा नियम मोडते. नाव बंगालीत देते आणि पुढे NFHS-5 ही इंग्रजी अक्षरं व इंग्रजी पाच तशीच ठेवते, कारण मूळ अहवाल शोधायचा तर वाचकाला तेच टाइप करावं लागणार. संपादक विचारतात, मग सातत्य कुठे गेलं? माझं उत्तर असं की चारही चार्टांखाली ती ओळ अक्षरशः एकसारखी आहे. त्यांना ते पुरेसं वाटत नाही.

आता माझी ती ओळ अशी असते: '२०–२४ बछर बयसि महिलादेर मध्ये जाँदेर बिये १८ बछरेर आगे हयेछिल (शतांश)'. मोबाइलवर तिच्या दोन ओळी होतात. बडदिंना मी ती फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, पण त्या वडिलांनी ही शेवटपर्यंत वाचली असती का?

काल डिझायनरचा निरोप आलाय: दुसरी ओळ चार्टवर चढते आहे, 'महिलादेर मध्ये' काढून टाकू का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.