डावी बाजू फिकी का दिसत होती? वेल्वेटीनच्या जाकिटाचा माझा अनुभव

सोलापुरात मी बायकांचे कपडे शिवते. या थंडीत एक ताई अर्धवट शिवलेले जाकीट आणि उरलेले कापड घेऊन माझ्याकडे आल्या. डाळिंबी रंगाच्या त्या जाकिटाचा उजवा पुढचा भाग गडद होता, तर डावा धुऊन विटल्यासारखा फिका दिसत होता. दुकानदाराने दोन वेगवेगळ्या ताग्यांतले कापड दिले, अशी त्यांची समजूत झाली होती.

मी जाकीट खिडकीपाशी नेले आणि त्याच्यावरून हात फिरवला. उजव्या बाजूला हात खालून वर नेताना लव मऊ लागत होती, डाव्या बाजूला मात्र तसाच हात नेताना ती आडवी येत होती. मग जाकीट उलटे धरले, तेव्हा फिकी बाजू गडद झाली आणि गडद बाजू फिकी. रंग एकच होता, लवेची दिशा उलटी होती. कापड वाचावे म्हणून कोणीतरी डावा भाग डोके खाली करून बेतला होता.

असे होते याचे कारण म्हणजे या कापडांवरची लव सरळ उभी नसते, ती एका बाजूला किंचित झुकलेली असते. लवेची टोके आपल्या नजरेकडे असली की उजेड धाग्यांच्या मधे शिरून तिथेच मुरतो आणि रंग खोल दिसतो. लव नजरेपासून दूर झुकली की धाग्यांच्या अंगावरून उजेड परततो, म्हणून कापड फिके आणि चकचकीत दिसते. अंगावरच्या कपड्याची लव वरच्या दिशेने असेल तर रंग गडद दिसतो. खालच्या दिशेने असेल तर चमक वाढते आणि हात लागून लव विस्कटतही कमी. दोन्ही रीती चालतात, मात्र एका कपड्यात एकच रीत हवी.

ताईंना ते वेल्वेट वाटत होते, पण ते वेल्वेटीन होते. कडेचे धागे उसवून मी खात्री केली. वेल्वेटची लव ताण्याची, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांची असते. बहुधा दोन कापडे समोरासमोर एकत्र विणून मधले धागे कापतात, म्हणून त्याच्या कडेचा बाण्याचा, म्हणजे आडवा धागा ओढला की लवेचे झुबके त्यात अडकलेले दिसतात. वेल्वेटीनची लव बाण्याची, म्हणून तिचे झुबके ताण्याच्या धाग्याला धरून असतात. सुती असल्याने तिची चमक मंद, जवळजवळ धुरकट असते. रेशमी किंवा रेयॉनच्या वेल्वेटवर मात्र प्रत्येक चुणीबरोबर उजेडाची पट्टी सरकते. कॉर्डरॉयही बाण्याच्याच लवेचे, पण त्यात लवेच्या उभ्या धारा असतात. उजेड धारेच्या माथ्यावर बसतो आणि मधल्या खाचेत सावली राहते. धारा जाड असतील तर ती सावली लांबूनही दिसते. कॉर्डरॉयचा उलटा लागलेला भाग पटकन लक्षात येत नाही, कारण नजर आधी धारांकडे जाते. पण उन्हात तोही लपत नाही.

डावा भाग नुसता फिरवून लावणे शक्य नव्हते, कारण खांदा आणि गळा यांचा आकार उलट झाला असता. सुदैवाने उरलेल्या कापडात तो भाग बसत होता. मी कापडाच्या मागच्या बाजूला खडूने लवेच्या दिशेचे बाण काढले, कागदी बेत उजव्या भागाच्याच दिशेने ठेवला आणि कापड दुमडून न घेता एकेरी कापले. असे कापड घेताना म्हणूनच थोडे जास्त घ्यावे लागते. भाग उलटसुलट बसवून बचत करता येत नाही.

शिवताना खरी कसोटी लागते. लव लवेला लागली की दोन थर एकमेकांवरून सरकतात आणि शिवण संपेपर्यंत वरचा थर पुढे गेलेला असतो. मी हाताने टाक्यांच्या दोन ओळी घातल्या, मशीनच्या पायाचा दाब कमी केला, टाका जरा लांब ठेवला आणि लवेच्या दिशेनेच शिवण चालवली. टाचण्या फक्त शिवणीच्या दाबात, म्हणजे शिवणीबाहेर आत राहणाऱ्या कडेच्या कापडात टोचल्या, कारण लवेवर टाचणीचा वण राहतो.

इस्त्रीला आपल्या सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल फार कामी आला. त्याची न कापलेली वेटोळी म्हणजेसुद्धा एक लवच. त्यावर जाकीट पालथे घातले की वेल्वेटीनची लव वेटोळ्यांच्या मधे बसते आणि चेपत नाही. मागच्या बाजूने, इस्त्री न टेकवता नुसती वाफ दिली आणि शिवण बोटांनी उघडली. इस्त्री टेकली असती तर तिथे चकाकणारा डाग पडला असता. सुती वेल्वेटीनवरचा हलका डाग मागून वाफ देऊन मऊ ब्रशने उठवता येतो. रेयॉनच्या वेल्वेटची चेपलेली लव पुष्कळदा परत उभी राहत नाही.

ताईंनी जाकीट घालून आधी ट्यूबलाइटखाली आणि मग गॅलरीतल्या उन्हात पाहिले. दोन्ही बाजू सारख्याच गडद होत्या आणि त्या वळल्या तसा दोन्हींवरचा उजेड एकदमच बदलत होता.